कपाटातला उन्हाळा

नोएडाच्या सेक्टर ६२ मधल्या एका कंपनीत लॅपटॉपचा हिशेब ठेवणं हे माझं काम. नवा लॅपटॉप आला की त्यावर नंबराचं स्टिकर लावायचं, कुणाला दिला त्याची नोंद करायची, माणूस नोकरी सोडून गेला की परत घ्यायचा आणि पुढचा माणूस येईपर्यंत सांभाळून ठेवायचा. या 'सांभाळून ठेवायचा' टप्प्याकडे कुणाचंच फारसं लक्ष नसतं. लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला म्हणजे तो जसाच्या तसा राहणार, असं सगळे धरून चालतात. स्क्रीन, कीबोर्ड, मदरबोर्ड यांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे. बॅटरीचं मात्र तसं नाही. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया लॅपटॉप बंद केल्याने थांबत नाही. ती किती वेगाने चालेल हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात : ठेवताना बॅटरी किती भरलेली होती आणि ठेवली ती जागा किती तापते.

पहिली गोष्ट हल्ली बऱ्याच जणांना माहीत असते. अर्धी चार्ज करून ठेवा, एवढं कुणीही सांगतं. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र दिल्लीत कुणी अवाक्षर काढत नाही, आणि माझ्या अनुभवात इथे बॅटऱ्यांचा खरा घात तीच करते. ज्या देशांत हे सल्ले लिहिले जातात तिथे 'खोलीचं तापमान' म्हणजे वीस-बावीस अंश. आमच्याकडे मे महिन्यात बंद घरातलं खोलीचं तापमान काय असतं, ते लक्ष्मीनगरच्या एखाद्या बरसातीत राहिलेल्या माणसाला विचारावं.

हे मला २०२० साली नीट कळलं. मार्चमधल्या त्या शुक्रवारी, २० तारखेला, सगळे 'सोमवारी बघू' म्हणत घरी गेले. रविवारी जनता कर्फ्यू झाला, सोमवारी दिल्ली आणि नोएडा बंद झालं आणि मंगळवारी रात्री देशभराची टाळेबंदी जाहीर झाली. मी राहते मयूर विहारला. ऑफिस फार लांब नाही, पण मध्ये राज्याची हद्द आहे आणि पुढे कित्येक आठवडे ती हद्द ओलांडायला पास लागत होता. ज्यांना घरून काम करायचं होतं त्यांनी आपापले लॅपटॉप नेले होते. उरलेले तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या अवस्थांत पडून राहिले. कुणी मुद्दाम प्रयोग मांडला असता तरी इतका स्वच्छ मांडता आला नसता.

पहिला गट ट्रेनिंग रूममधला. ही खोली पाचव्या मजल्यावर, पश्चिमेला, सगळी भिंत काचेची. नव्या मुलांचं प्रशिक्षण चालू होतं, त्यामुळे लॅपटॉप टेबलांवर चार्जरला जोडलेले होते. त्या मजल्यावर सर्व्हर रूम असल्याने वीज चालू ठेवली होती, म्हणजे हे लॅपटॉप चार महिने शंभर टक्के भरलेले राहिले. वातानुकूलन मात्र फक्त सर्व्हर रूममध्ये चालू होतं, बाकी मजल्यावर बंद. दुसरा गट सर्व्हर रूमला लागून असलेल्या आतल्या स्टोअरमधल्या लोखंडी कपाटातला. नोकरी सोडून गेलेल्यांचे, नीट बंद केलेले, अर्धेमुर्धे चार्ज असलेले लॅपटॉप. स्टोअरला खिडकी नाही आणि शेजारच्या भिंतीचा गारवा तिथे पोचतो. तिसरा गट लोकांच्या टेबलांच्या खणांतला : झाकण मिटून, स्लीपमध्ये, चार्जरशिवाय ठेवलेले.

त्या वर्षी २६ मे रोजी पालमला ४७.६ अंश नोंदले गेले. सफदरजंगला ४६ झाले, आणि मे महिन्यात तिथे इतका उन्हाळा २००२ नंतर झाला नव्हता. त्या दिवशी ट्रेनिंग रूममध्ये किती होतं हे कुणी मोजलेलं नाही. पण पुढच्या वर्षी मी कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या एका कपाटात ठेवला होता. मे महिन्याच्या एका शनिवार-रविवारी, एसी बंद असताना, त्यात कमाल ४१ अंश दिसले. त्याच दोन दिवसांत आतल्या स्टोअरमधल्या कपाटात २८ होते. एकाच मजल्यावर, पन्नास पावलांच्या अंतरावर, तेरा अंशांचा फरक.

जुलैत आत जाता आलं. बाहेर पावसाळी दमट हवा होती, आत धूळ. मे-जूनच्या आंध्यांत दिल्लीची धूळ बंद खिडकीच्या फटीतूनही आत येते आणि टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी साचते. ट्रेनिंग रूममधला पहिलाच लॅपटॉप उचलला तर तो टेबलावर डुगडुगत होता. सपाट टेबलावर ठेवल्यावर एक कोपरा वर राहत होता. झाकण उघडलं तर टचपॅडची खालची कड उचललेली, आणि दाबलं तर टक् असा आवाजच येईना. तळाचं कव्हर आणि बाजूची पट्टी यांच्यात नख जाईल एवढी फट पडली होती. खालचे स्क्रू काढले, तर शेवटचा स्क्रू निघताच कव्हर स्वतःहून वर आलं. आतली पातळ, काळ्या वेष्टनातली बॅटरी उशीसारखी फुगली होती. तीन सेलपैकी मधल्यात सगळ्यात जास्त हवा होती.

ती हवा येते कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. बॅटरीच्या एका टोकाला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या टोकाला कोबाल्ट, निकेल अशा धातूंचं ऑक्साइड आणि मध्ये एक ज्वलनशील द्रव. बॅटरी पूर्ण भरली की सेलचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास जातो, काही नव्या सेलमध्ये त्याच्याही वर. इतक्या दाबाला धातूच्या टोकाशी तो द्रव हळूहळू विघटित होतो आणि त्यातून वायू तयार होतात. ग्रॅफाइटच्या टोकाला द्रवाचाच एक पातळ थर बसलेला असतो. तो हवाच असतो, त्याच्यावाचून बॅटरी चालणार नाही, पण तो जाड होत गेला की त्यात लिथियम कायमचं अडकतं आणि बॅटरीची साठवणूक घटते. भरलेल्या अवस्थेत दोन्ही क्रिया जोरात चालतात आणि उष्णता त्यांचा वेग आणखी वाढवते. पूर्ण भरलेली बॅटरी थंड खोलीत ठेवली तर काही महिने निभावून नेते. अर्धी भरलेली बॅटरी तापलेल्या खोलीत ठेवली तर थोडं नुकसान होतं. भरलेलीही आणि तापलेलीही, हा योग मात्र वाईट, आणि चार्जरला जोडून ठेवलेल्या लॅपटॉपच्या वाट्याला दिल्लीत नेमका तोच येतो.

कॅनडातले इसिडोर बुकमन यांनी चालवलेल्या 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या माहितीस्थळावर एक तक्ता आहे, आमच्या धंद्यातल्या बहुतेकांना तो पाठ असतो. चाळीस टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच ४० अंशांत ठेवली तर ८५. शंभर टक्के भरलेली २५ अंशांत ठेवली तर ८० आणि ४० अंशांत ठेवली तर ६५. सेलच्या जातीनुसार हे आकडे पुढे-मागे होतात, पण त्यांचा चढउतार मी माझ्या रजिस्टरमध्येही पाहिला आहे. टाळेबंदीच्या आधी केलेल्या तपासणीत ट्रेनिंग रूममधल्या एका न फुगलेल्या लॅपटॉपची क्षमता ४३,००० मिलिवॅट-तास होती. जुलैत ती ३६,००० च्या थोडी वर भरली. आतल्या स्टोअरमधल्या, त्याच मॉडेलच्या आणि त्याच वर्षी घेतलेल्या लॅपटॉपची ४२,५०० वरून सुमारे ४१,८०० वर आली होती. म्हणजे एकाने चार महिन्यांत सहावा हिस्सा गमावला आणि दुसऱ्याचं काही बिघडलं नव्हतं. कंपनी तीच, बॅटरी तीच, कपाट वेगळं.

खणातल्या, स्लीपमध्ये गेलेल्या लॅपटॉपची गोष्ट निराळी होती. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही. मेमरीला थोडी थोडी वीज चालूच असते, शिवाय आजकालचे लॅपटॉप स्लीपमध्येही अधूनमधून जागे होऊन नेटवर्क आणि अपडेट पाहतात. काही दिवसांत बॅटरी तळाला गेली, मग लॅपटॉप स्वतः बंद झाला. पुढचं काम बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने केलं. ते स्वतः अगदी नगण्य वीज खातं, पण तळाला गेलेल्या सेलमधून महिनोन् महिने नगण्य वीजसुद्धा परवडत नाही. सेल तीन व्होल्टच्या खाली उतरतो, मग अडीचच्या खाली. फार खोल गेला की ग्रॅफाइट ज्या तांब्याच्या पत्र्यावर थापलेलं असतं तो पत्राच द्रवात विरघळू लागतो. पुढे कुणी जबरदस्तीने चार्ज केलं तर तेच तांबं आत भलत्या जागी जमतं, आणि त्यातून शॉर्ट होऊ शकतो. म्हणून चार्जिंग सर्किट सावध असतं. सेल थोडाच खाली गेला असेल तर ते आधी अगदी बारीक करंट सोडून पाहतं, दाब तीनच्या वर आला तरच नेहमीचा करंट देतं. फारच खाली गेला असेल तर ते कायमचं दार लावून घेतं.

खणातल्या लॅपटॉपपैकी काही तासाभराने उठले, बाकीच्यांनी चार्जर ओळखलाच नाही. त्यांतल्या बॅटऱ्या मी बदलून घेतल्या. नेहरू प्लेसच्या एका दुकानात एक जण म्हणाला, 'मॅडम, बाहर से करंट देके उठा देंगे, दो मिनट का काम है.' उठतीलही, पण बॅटरीच्या सर्किटने ज्या कारणासाठी दार लावलं ते कारण तसंच राहतं. असा सेल पुढे कुणाच्या मांडीवर चार्जिंगला असताना पेटला, तर ती जबाबदारी कुणाची? मी नाही म्हटलं, आणि आजही नाहीच म्हणेन.

तेव्हापासून आमच्याकडे लॅपटॉप कपाटात जाण्याआधी काय करायचं ते ठरलेलं आहे. चार्ज पन्नास टक्क्यांच्या आसपास आणायचा. अॅपल स्वतः आपल्या उपकरणांसाठी पन्नास टक्के आणि ३२ अंशांच्या आतली कोरडी जागा सांगतं. पंचेचाळीस झाले काय, साठ झाले काय, फार बिघडत नाही. ऐंशी-नव्वदवर किंवा पंधरावर ठेवू नये, एवढंच. मग पूर्ण शट डाउन. विंडोजमध्ये नेहमीच्या शट डाउनने फास्ट स्टार्टअप नावाची सोय अर्धवट झोप घेऊ शकते, म्हणून मी कमांड देऊनच बंद करते :

```
shutdown /s /t 0
```

काही लॅपटॉप बंद असतानाही यूएसबीतून मोबाइल चार्ज करून देतात. ती सोय बायॉसमध्ये जाऊन बंद करायची, नाहीतर तीसुद्धा थेंब थेंब वीज ओढते. थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये याहून चांगली सोय आहे : सुरू होताना F1 दाबून बायॉसमध्ये गेलं की Config खाली Power मध्ये 'Disable Built-in Battery' असा पर्याय असतो. तो निवडला की लॅपटॉप बंद होतो आणि आतली बॅटरी बाकी यंत्रापासून तुटते. चार्जर लावला की पुन्हा आपोआप जोडली जाते. महिनोन् महिने ठेवायच्या लॅपटॉपसाठी मी ही सोय नेहमी वापरते.

चार्जर काढायचा आणि लॅपटॉपबरोबरच पण वेगळ्या पिशवीत ठेवायचा. नंतर दुसराच चार्जर शोधून लावण्यात पुष्कळ गोंधळ होतो. स्टिकरवर तारीख आणि चार्ज पेन्सिलने लिहायचा. लॅपटॉप झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. पिशवी धुळीसाठीही लागते आणि पावसाळ्यासाठीही. एकावर एक लॅपटॉप रचायचे नाहीत. फुगू पाहणाऱ्या बॅटरीवर वजन आलेलं चांगलं नाही, आणि स्क्रीनलाही तो भार सोसत नाही. त्यानंतर जागा : पश्चिमेची भिंत नाही, छताजवळचा खण नाही, इन्व्हर्टरच्या खोलीत नाही. आतली खोली, कपाटाचा खालचा खण, पण जमिनीवर नाही, कारण जमिनीला ओल असते आणि उंदीरही असतात. वायरी कुरतडून टाकलेला एक चार्जर मी अजून जपून ठेवला आहे, नव्या मुलांना दाखवायला.

दर तीन महिन्यांनी पिशवी उघडून चार्ज बघायचा. बॅटरी स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्के उतरते, लॅपटॉपचं सर्किट काही ओढतं, त्यामुळे तीन महिन्यांनी साधारण चाळीसच्या आसपास दिसतं. तीसच्या खाली गेलं असेल तर पुन्हा पन्नासपर्यंत भरायचं. एखादा लॅपटॉप बरोबरीच्या इतर लॅपटॉपपेक्षा फार भरभर उतरत असेल तर त्याच्या बॅटरीवर लक्ष ठेवायचं. माझ्या नोंदीत पुढे बिघडलेल्या बॅटऱ्या बहुतेक वेळा आधी अशाच दिसल्या आहेत.

ऑफिसात हे सगळं नियमाने चालतं. घरी काय करायचं हा प्रश्न मला शेजारच्या काकूंमुळे पडला. काका-काकू दोघंही निवृत्त. चैत्र संपता संपता ते साताऱ्याला जातात, ते दिल्लीला परततात थेट दिवाळीनंतर, थंडीच्या तोंडावर. मुलाने घेऊन दिलेला लॅपटॉप काकू पुतण्याशी बोलायला आणि जुने मराठी चित्रपट बघायला वापरतात. साताऱ्याला न्यायचा नाही, कारण तिथे वेगळा आहे. जाण्याआधी त्यांनी तो पूर्ण चार्ज करून, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवला होता. घर वरच्या मजल्यावर. माळ्याच्या वर फक्त गच्चीची स्लॅब.

'काकू, माळ्यावर नको,' मी म्हटलं. 'तिथे मे महिन्यात भट्टी असते.'

'अगं, मग कुठे ठेवू? सगळं घर बंदच असणार. फ्रिजमध्ये ठेवू का?'

त्यांनी ते अगदी गंभीरपणे विचारलं, आणि प्रश्न वेडगळ नव्हता. थंडीत बॅटरी खरंच जास्त टिकते. पण फ्रिजमधून काढलेल्या वस्तूवर दिल्लीच्या हवेत लगेच पाणी जमतं, आणि ते पाणी मदरबोर्डवर जमलं तर बॅटरी वाचवून लॅपटॉप घालवल्यासारखं होतं. शिवाय घर बंद असताना फ्रिज कोण चालू ठेवणार? आम्ही खोलीखोलीत हात लावून पाहिलं. सगळ्यात थंड जागा निघाली बाथरूमकडच्या आतल्या बोळातलं लाकडी कपाट. त्याला बाहेरची एकही भिंत नाही. तिथे, खालून दुसऱ्या खणात, काकूंचा लॅपटॉप अर्धा चार्ज करून ठेवला. दुसऱ्या वर्षी तोही विचार बदलला. मी त्या मजल्याखालीच राहते, तेव्हा आता तो माझ्या घरी येतो. माझ्याकडे दुपारी एसी लागतो, आणि तीन महिन्यांनी चार्ज पाहायला हाताशीही असतो. ज्यांच्याकडे असा शेजारी आहे त्यांनी कपाटांचा विचार करत बसूच नये.

बाहेर काढतानाचं काम मी आत ठेवण्याइतकंच महत्त्वाचं मानते. पावसाळ्यात थंड स्टोअरमधला लॅपटॉप बाहेर आणला की तो पिशवीतच राहू द्यायचा. जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीच्या हवेचा दवबिंदू बऱ्याचदा पंचवीस अंशांच्या वर असतो. अशा वेळी बावीस अंशांच्या खोलीतून आलेली कोणतीही वस्तू उघड्यावर ओली होणारच. पिशवी बंद असली तर दव पिशवीच्या बाहेरून जमतं, आतला लॅपटॉप कोरडा राहतो. दोन-तीन तासांनी, पिशवीचा बाहेरचा भाग कोरडा आणि हाताला खोलीइतकाच उबदार लागला की उघडायची.

मग चार्जर लावण्याआधी लॅपटॉप टेबलावर ठेवून बघायचा. डुगडुगतो का, तळाचं कव्हर कुठे उचललं आहे का, टचपॅड नीट दबतं का, स्पेसबारजवळ कीबोर्ड वर आला आहे का. नाक जवळ नेऊन वास घ्यायचा : गळणाऱ्या सेलला गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. यातलं काहीही असेल तर चार्जर लावायचा नाही, सुरूही करायचा नाही. पोर्टमधली धूळ मऊ ब्रशने काढायची. पंख्याच्या जाळीतली धूळ हवेच्या फवाऱ्याने काढताना पंखा काडीने अडवून धरायचा, नाहीतर हवेच्या जोराने तो भलत्या वेगाने फिरतो.

सगळं ठीक असेल तर मूळ चार्जर लावायचा, पण लॅपटॉप लगेच सुरू करायचा नाही. अर्धा तास तसाच चार्ज होऊ द्यायचा आणि आपण त्याच खोलीत थांबायचं. मी दर दहा मिनिटांनी तळावर, बॅटरी असते त्या जागी तळहात ठेवते. किंचित कोमट लागणं नेहमीचं आहे. हात पटकन उचलावासा वाटला तर चार्जर काढून टाकते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला दिवा लागायला पाऊण तासही लागू शकतो, म्हणून घाईने चार्जर बदलून बदलून पाहू नये. तासाभरानेही हालचाल नसेल तर बॅटरीने दार लावलं असं समजायचं.

सुरू झाल्यावर मी पहिल्यांदा घड्याळ बघते. मदरबोर्डवर बहुतेक एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ किंवा त्याच्या जातीचा. तो दमला की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक बँकेचं आणि सरकारी संकेतस्थळ असुरक्षित ठरवतो, आणि लोकांना वाटतं इंटरनेट बिघडलं. तारीख सुधारली की ते सरळ होतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे गेली तर तो सेल बदलून घ्यावा. काही लॅपटॉप बायॉसमध्ये बदल झाल्याचं पाहून बिटलॉकरची अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागतात. ती की लॅपटॉप कपाटात जाण्याआधीच कागदावर लिहून वेगळी ठेवायची असते, नंतर ती शोधणं म्हणजे डोकेदुखी. महत्त्वाच्या फाइलींची प्रतही आधीच काढलेली असावी. एसएसडीतला डेटा वीज नसताना अनंत काळ टिकतो असं नाही, आणि पुरेशी झिजलेली एसएसडी उष्णतेत तो आणखी लवकर विसरते. बिटलॉकरची की आणि फाइलींची प्रत या दोन गोष्टींची बॅटरीपेक्षाही जास्त काळजी मला वाटते, कारण बॅटरी विकत मिळते.

मग अपडेट, चार्जर लावूनच. ते संपले की बॅटरीचा अहवाल काढायचा :

```
powercfg /batteryreport /output "%USERPROFILE%\battery.html"
```

कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ दिली की आपल्या फोल्डरमध्ये battery.html नावाची फाइल तयार होते. ती ब्राउझरमध्ये उघडायची. त्यात DESIGN CAPACITY म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की बॅटरीत किती टक्के दम उरला ते कळतं. महिनोन् महिने पडून राहिल्यावर हा आकडा पहिल्या दिवशी चुकीचाही असू शकतो, कारण मोजणाऱ्या सर्किटचा अंदाज चुकतो. एकदा पूर्ण भरून, दहा टक्क्यांपर्यंत वापरून, पुन्हा पूर्ण भरलं की आकडा जागेवर येतो. त्यानंतरचा आकडा मी रजिस्टरमध्ये लिहिते, ठेवतानाच्या आकड्याशेजारी. ऐंशीच्या वर असेल तर निर्धास्त वापरावं. साठच्या आसपास असेल तर चार्जरजवळ बसूनच काम होणार हे धरून चालावं. काकूंच्या लॅपटॉपचा गेल्या नोव्हेंबरमधला आकडा ठेवतानापेक्षा एका टक्क्यानेही कमी नव्हता.

फुगलेली बॅटरी हाती आली तर तिला टाचणी टोचून हवा काढायचा सल्ला देणारे दिल्लीत पुष्कळ भेटतील. तसं करू नका. लॅपटॉप बंद ठेवा, चार्जरला लावू नका, उन्हापासून आणि पडद्या-गादीपासून दूर, फरशीवर ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. कबाड्याला देऊ नका : इथला बराच ई-कचरा सीलमपूरसारख्या वस्त्यांत हाताने फोडला जातो आणि ती बॅटरी तिथे कुणाच्या तरी बोटांत फुटेल. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ती त्यांच्याकडेच द्या आणि दिल्याची पावती मागून घ्या.